एका बिंदूच्या हाती गेलेली रेषा

येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात आकड्यांचे चार छोटे संच छापले. प्रत्येक संचात x आणि y यांच्या अकरा जोड्या होत्या. चारही संचांत x ची सरासरी ९ आणि y ची सरासरी ७.५० येते. चारही संचांवर नेहमीच्या पद्धतीने सरळ रेषा बसवली, तर ती एकच निघते: y = 3 + 0.5x. रेषा कितपत चांगली बसली हे सांगणारा R² नावाचा आकडाही चारही ठिकाणी ०.६७ च्या आसपास राहतो. मात्र हे संच कागदावर बिंदूंनी मांडले की चार अगदी वेगळी चित्रे दिसतात.

त्यांतला चौथा संच सगळ्यात विलक्षण आहे. त्यात दहा जोड्यांमध्ये x ची किंमत ८ आहे आणि एकाच जोडीत १९. त्या एकट्या जोडीतला y १२.५० आहे, आणि रेषा नेमकी त्या बिंदूतून जाते. फरक शून्य. वाटेल, इतका अचूक बसलेला बिंदू म्हणजे सगळ्यात विश्वासार्ह. तो १२.५० खोडून तिथे २० लिहून पाहावे. नवी रेषा नेमकी २० मधून जाईल आणि तिचा चढ ०.५० वरून १.१८ होईल. २० च्या जागी २ लिहिले तर रेषा उताराला लागेल आणि तरीही त्या बिंदूतूनच जाईल. बाकीचे दहा बिंदू रेषेच्या चढाबद्दल काहीच सांगत नाहीत. ते सगळे एकाच उभ्या ओळीत असल्यामुळे त्यांना चढ ठाऊकच नाही.

इथे एकच x आहे, म्हणून चित्र काढले की गोष्ट डोळ्यांना दिसते. प्रत्यक्ष कामात x एक नसतो. घराची किंमत ठरवताना क्षेत्रफळ, मजला, वय, स्टेशनपासूनचे अंतर असे आठ-दहा रकाने असतात, आणि दहा रकान्यांचे चित्र कुणी काढू शकत नाही. तेव्हा एखादा बिंदू रेषेला स्वतःकडे किती खेचू शकतो, हे चित्राशिवाय सांगणारा आकडा लागतो. तो आकडा हॅट मॅट्रिक्स नावाच्या चौकटीच्या कर्णावर असतो. तो तिथे का येतो हे समजायला तीन निरीक्षणे पुरतात.

समजा x च्या किमती १, २, ३ आहेत आणि प्रत्यक्ष मोजलेले y अनुक्रमे १, २, ६ आहेत. सवयीप्रमाणे आपण कागदावर तीन ठिपके काढून त्यांच्यामधून रेषा ओढू. आता वेगळे चित्र पाहू. खोलीचा एक कोपरा घ्यावा, जिथे जमिनीवरच्या दोन कडा आणि एक उभी कड एकत्र येतात. पहिल्या कडेवर पहिला y मोजायचा, दुसरीवर दुसरा, उभ्या कडेवर तिसरा. एक फूट इकडे, दोन फूट तिकडे आणि सहा फूट वर गेले, की हवेत एक जागा मिळते. तीन निरीक्षणे मिळून खोलीतला हा एकच बिंदू झाला.

सरळ रेषेतून येऊ शकणारी तीन y ची उत्तरे खोलीत कुठे असतात? x च्या किमती समान अंतरावर असल्याने रेषेवरचे मधले उत्तर नेहमी दोन टोकांच्या उत्तरांची सरासरी असते. अशी सगळी त्रिकुटे खोलीत मांडली तर ती कोपऱ्यातून जाणारे एक तिरके, सपाट प्रतल बनवतात. रेषेला किती उंचीवरून सुरू करायचे आणि किती चढ द्यायचा, या दोनच गोष्टी हातात असतात. म्हणून हे प्रतल दोन मितींचे आहे. आपला बिंदू (१, २, ६) त्या प्रतलावर नाही, कारण १ आणि ६ यांची सरासरी ३.५ आहे आणि मधली किंमत २.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेली न्यूनतम वर्गांची पद्धत सांगते की फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करा. खोलीच्या भाषेत याचा अर्थ सोपा आहे. फरकांच्या वर्गांची बेरीज म्हणजे हवेतल्या बिंदूपासून प्रतलावरच्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग. हे अंतर कमीत कमी हवे, तर बिंदूवरून प्रतलावर लंब टाकावा लागतो. लंबाचा पाय (०.५, ३, ५.५) इथे पडतो. ०.५ आणि ५.५ यांची सरासरी ३ आहे, म्हणजे हा बिंदू खरोखर प्रतलावर आहे. रेषा बसवणे म्हणजे एवढेच: मोजलेल्या किमतींचा बिंदू घ्यायचा आणि त्याचा प्रतलावर लंब प्रक्षेप काढायचा.

हवेतल्या कुठल्याही बिंदूवरून लंबाचा पाय काढून देणारी एक चौकट लिहिता येते. वरच्या उदाहरणात ती अशी येते:

```
 5/6   1/3  -1/6
 1/3   1/3   1/3
-1/6   1/3   5/6
```

पहिली ओळ घेऊन तिने १, २, ६ यांना गुणले तर ५/६ अधिक २/३ वजा १, म्हणजे ०.५ मिळते. रेषेने दिलेली पहिली किंमत हीच. दुसऱ्या ओळीतून ३ आणि तिसरीतून ५.५ मिळते. ही चौकट बनवताना y कुठेच लागला नाही, फक्त x लागला. y उद्या बदलले तरी चौकट तीच राहील. शिवाय ती दोनदा लावली तरी उत्तर बदलत नाही, कारण प्रतलावर पोहोचलेल्या बिंदूला पुन्हा कुठे जायचे नसते. सर्वसाधारण सूत्र H = X(XᵀX)⁻¹Xᵀ असे लिहितात. X मध्ये एकांचा एक स्तंभ आणि x चे स्तंभ असतात, आणि त्या स्तंभांनी पसरलेले प्रतल म्हणजेच आपले तिरके प्रतल.

अंदाजित किमतींसाठी संख्याशास्त्रात y वर छोटी टोपी काढतात, ŷ. मोजलेल्या y ला ती टोपी घालणारी चौकट म्हणून जॉन ट्युकी यांनी तिला हॅट मॅट्रिक्स म्हटले. डेव्हिड होग्लिन आणि रॉय वेल्श यांच्या १९७८ च्या लेखाने हे नाव आणि तिच्या कर्णाचा उपयोग सर्वदूर पोहोचवला. ट्युकी आणि अ‍ॅन्स्कम हे नात्याने साडू. एकाने प्रश्न चित्रात मांडला आणि दुसऱ्याने ठेवलेल्या नावाची चौकट त्याच प्रश्नाचे उत्तर कर्णावर घेऊन आली, हा योगायोग सुंदर आहे.

आता कर्णाकडे. तीन जणांच्या चौकटीत कर्णावर ५/६, १/३, ५/६ हे आकडे आहेत. पहिला अर्थ हिशेबाचा आहे. पहिला मोजलेला y एकाने वाढवला, तर रेषेने तिथे दिलेली किंमत ५/६ ने वाढते. मधला y एकाने वाढवला, तर मधली अंदाजित किंमत फक्त १/३ ने वाढते. म्हणजे टोकाची निरीक्षणे रेषेला स्वतःकडे ओढू शकतात, मधले तितके ओढू शकत नाही. या खेचण्याच्या क्षमतेला इंग्रजीतून आलेला लिव्हरेज हा शब्द सगळीकडे रूढ आहे.

दुसरा अर्थ भूमितीचा आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. खोलीच्या पहिल्या कडेवर कोपऱ्यापासून एक एकक लांबीची काठी ठेवावी. तिच्या टोकावरून तिरक्या प्रतलावर लंब टाकला तर पाय कुठे पडेल? चौकटीच्या पहिल्या स्तंभात, म्हणजे (५/६, १/३, −१/६) इथे. कोपऱ्यापासून या पायापर्यंतच्या लांबीचा वर्ग काढू: २५/३६ अधिक ४/३६ अधिक १/३६, म्हणजे ३०/३६, म्हणजेच ५/६. कर्णावरचा आकडा पुन्हा हजर. हे प्रत्येक कर्णपदाबाबत खरे असते. कर्णावरचा आकडा म्हणजे त्या निरीक्षणाच्या अक्षावर ठेवलेल्या एकक काठीच्या प्रक्षेपाच्या लांबीचा वर्ग. कोनाच्या भाषेत, अक्ष आणि प्रतल यांच्यामधल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग. ५/६ म्हणजे सुमारे २४ अंशांचा कोन, १/३ म्हणजे सुमारे ५५ अंशांचा. प्रतल पहिल्या आणि तिसऱ्या कडेकडे झुकलेले आहे, दुसऱ्या कडेपासून दूर आहे.

एवढे चित्र डोळ्यांसमोर आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. एक एकक काठीचा प्रक्षेप एककापेक्षा लांब असू शकत नाही, म्हणून कर्णावरचा आकडा १ च्या वर जात नाही. तो ऋणही नसतो, कारण तो वर्ग आहे. आणि सगळ्या कर्णपदांची बेरीज प्रतलाच्या मितींइतकी येते. इथे ५/६, १/३ आणि ५/६ मिळून बरोबर २ होतात. निरीक्षणे तीन असोत की तीन हजार, सरळ रेषेसाठी ही बेरीज २ च राहणार. एकाने जास्त घेतले की बाकीच्यांना कमी मिळते.

आता अ‍ॅन्स्कम यांच्याकडे परत जाऊ. तिथे निरीक्षणे अकरा, म्हणजे खोली अकरा मितींची. ती डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण प्रतल अजूनही दोनच मितींचे आहे आणि प्रक्षेपाचा नियमही तोच. एका x च्या बाबतीत कर्णपद सोपे निघते: एकूण निरीक्षणांनी एकाला भागायचे, आणि त्यात x चे सरासरीपासूनचे अंतर वर्ग करून, तशा सगळ्या वर्गांच्या बेरजेने भागून मिळवायचे. अ‍ॅन्स्कम यांच्या चारही संचांत ती बेरीज ११० आहे.

पहिल्या तीन संचांत x ४ पासून १४ पर्यंत एकेकाने पसरलेला आहे. मधल्या ९ साठी कर्णपद १/११, म्हणजे ०.०९ येते आणि ४ व १४ या टोकांसाठी ०.३२. चौथ्या संचात x = 8 असलेल्या प्रत्येक बिंदूसाठी १/११ अधिक १/११०, म्हणजे नेमके ०.१. आणि एकट्या १९ साठी १/११ अधिक १००/११०, म्हणजे नेमका १. दहा वेळा ०.१ आणि एकदा १, बेरीज २.

कर्णपद १ म्हणजे कोन शून्य. त्या निरीक्षणाचा अक्ष प्रतलातच पडून आहे. तसे का, हे हाताने तपासता येते. x चा स्तंभ घ्यावा आणि प्रत्येकातून ८ वजा करावेत. दहा ठिकाणी शून्य उरते आणि एका ठिकाणी ११. आता ११ ने भागावे. दहा शून्ये आणि एक १ मिळतो, आणि तो त्या एकट्या निरीक्षणाचा अक्षच आहे. x च्या आणि एकांच्या स्तंभातून केवळ वजाबाकी-भागाकाराने तो मिळाला, म्हणजे तो त्यांच्या प्रतलात आहे. प्रतलातली गोष्ट प्रक्षेपात कमी होत नाही. म्हणून त्या ठिकाणचा y काहीही असो, तो जसाच्या तसा अंदाजित किमतीत उतरतो. फरक शून्य येतो तो निरीक्षण खरे असल्यामुळे नव्हे. तिथे फरक येण्याची शक्यताच उरलेली नाही.

पीटर ह्यूबर यांनी कर्णपदाचा उलटा आकडा वाचायला सुचवला आणि तो फार बोलका आहे. कर्णपद ०.१ असेल तर त्या ठिकाणची अंदाजित किंमत जणू दहा निरीक्षणांच्या आधारावर उभी आहे. चौथ्या संचात हे अक्षरशः खरे आहे, कारण x = 8 पाशी रेषेने दिलेली किंमत ७.०० आहे आणि ती त्या दहा y ची साधी सरासरी आहे. कर्णपद १ असेल तर आधाराला एकच निरीक्षण आहे, ते स्वतः.

इथे एक गल्लत होते आणि अहवालांत ती वारंवार दिसते. कर्णपद मोठे म्हणजे निरीक्षण चुकीचे, असा अर्थ लावून तो बिंदू काढून टाकला जातो. कर्णपदाने y पाहिलेलाच नाही. ते फक्त क्षमता सांगते, वर्तन नाही. अ‍ॅन्स्कम यांचा तिसरा संच याचा पुरावा आहे. त्यात दहा बिंदू जवळपास एका रेषेवर आहेत, आणि x = 13 पाशी y अचानक १२.७४ आहे. त्याचे कर्णपद फक्त ०.२४. होग्लिन आणि वेल्श यांनी सुचवलेली सावधगिरीची मर्यादा, म्हणजे सरासरी कर्णपदाची दुप्पट, इथे ०.३६ येते. तिसऱ्या संचातला बिघडलेला बिंदू त्या मर्यादेच्या आतच राहतो. उलट पहिल्या संचातले ०.३२ चे टोकाचे बिंदू निरुपद्रवी आहेत.

तरीही कर्णपद इथे कामाला येते, आणि ते कसे हे पाहण्यासारखे आहे. १३ पाशी रेषा ९.५० सांगते, म्हणजे फरक ३.२४. पण ही रेषा त्या बिंदूने आधीच थोडी स्वतःकडे ओढलेली आहे. तो बिंदू वगळून उरलेल्या दहांवर रेषा बसवली असती तर फरक किती आला असता? त्यासाठी रेषा पुन्हा बसवावी लागत नाही. ३.२४ ला, एकातून कर्णपद वजा करून उरलेल्या ०.७६ ने भागले की ४.२४ मिळतात. प्रत्यक्ष तो बिंदू वगळून रेषा काढली तर ती १३ पाशी ८.५० देते आणि १२.७४ पासून फरक तितकाच येतो. डेनिस कुक यांनी १९७७ मध्ये फरक आणि कर्णपद यांना एकत्र करणारे जे माप दिले, ते याच हिशेबातून निघते. चौथ्या संचात मात्र ते मापही हात टेकते: फरक शून्य, एकातून कर्णपद वजा केले तर तेही शून्य, आणि शून्याला शून्याने भागता येत नाही. तो बिंदू वगळला तर रेषेचा चढ ठरवायला काही शिल्लकच राहत नाही, हे सांगण्याची गणिताची ती पद्धत आहे.

अनेक रकाने आले की या कर्णाची खरी गरज कळते, आणि तिथे धागा कोलकात्याला जाऊन मिळतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये अनेक मोजमापे एकत्र धरून एखादी वस्तू घोळक्याच्या केंद्रापासून किती दूर आहे हे मोजण्याचे माप मांडले. मोजमापे एकमेकांशी निगडित असतील तर ते नाते त्या मापात धरलेले असते. हॅट मॅट्रिक्सचे कर्णपद म्हणजे याच अंतराचा वर्ग, निरीक्षणांच्या संख्येपेक्षा एकने कमी अशा आकड्याने भागलेला, आणि त्यात एकूण निरीक्षणांनी भागलेला एक. १९ च्या बिंदूसाठी महालनोबिस अंतराचा वर्ग १००/११ आहे. त्याला दहाने भागून १/११ मिळवले की पुन्हा १ येतो. उंची आणि वजन या दोन रकान्यांत पाच फूट उंची विरळ नाही आणि नव्वद किलो वजनही विरळ नाही. दोन्ही एकाच माणसात मात्र विरळ. एकेक रकाना चाळून हा माणूस सापडत नाही. कर्णपदात तो लगेच वर येतो.

कर्णपद फसते तेही सांगायला हवे. चौथ्या संचात १९ पाशी एकाऐवजी तीन बिंदू असते आणि आठ पाशी आठ, तर प्रत्येक एकट्या-दुकट्याचे कर्णपद १/३, म्हणजे ०.३३ झाले असते. मर्यादा ०.३६, म्हणजे कुणावरही खूण पडली नसती. तिघे खरोखर स्वतंत्र मोजमापे असतील तर हे योग्यच आहे. पण एकच नोंद चुकून तीनदा टाकली गेली असेल, तर तिघे मिळून एकमेकांना झाकतात आणि रेषा तितकीच एकाच मोजमापावर उभी असते. म्हणून कर्णपदांची यादी पाहण्याआधी पुनरावृत्त नोंदी काढाव्या लागतात, आणि मोठी कर्णपदे जवळपास असलेल्या बिंदूंना गट म्हणून वगळून रेषा किती हलते ते पाहावे लागते.

हे सगळे घरी करून पाहता येते. R या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅन्स्कम यांचे आकडे आधीपासूनच असतात.

```
hatvalues(lm(y4 ~ x4, data = anscombe))
```

उत्तरात दहा वेळा 0.1 आणि आठव्या जागी 1 येतो. रिग्रेशनचा निष्कर्ष ज्यांच्या अहवालात छापला जातो, त्यांनी R² च्या शेजारी सर्वांत मोठे कर्णपदही छापावे. आणि ते १ असेल, तर कोणतीही चाचणी लावण्याआधी x च्या त्या टोकाला आणखी काही मोजमापे घेऊन यावीत. हातातल्या आकड्यांतून त्या बिंदूची पडताळणी होऊच शकत नाही.